इथिलीन सुटतं, वलय उरतं

काचेच्या एका छोट्या फ्लास्कमध्ये 240 मिलिग्रॅम रंगहीन, तेलासारखा द्रव घ्यायचा. त्याचं नाव डायइथिल डायअलिलमॅलोनेट. त्यावर हवा काढून टाकलेलं, कोरडं डायक्लोरोमिथेन 10 मिलिलिटर ओतायचं, तापमान 30 अंशांवर ठेवायचं आणि नायट्रोजनच्या आवरणाखाली विटकरी-तपकिरी रंगाची साडेआठ मिलिग्रॅम भुकटी त्यात टाकायची. थोड्याच वेळात द्रावणातून बारीक बुडबुडे वर यायला लागतात. तासाभरात काम जवळजवळ संपतं. फ्लास्कमध्ये जो पदार्थ उरतो, त्यात आधी नसलेलं एक पाच कार्बनांचं वलय तयार झालेलं असतं.

हिशेब सोपा आहे. सुरुवातीच्या पदार्थाचा रेणुभार 240, तयार झालेल्या पदार्थाचा 212. मधले 28 म्हणजे बुडबुड्यांतून उडून गेलेला इथिलीन वायू. एका रेणूचे दोन झाले: एक वलय आणि एक इथिलीन. बाहेरून काहीही जोडलं गेलं नाही, काही वायाही गेलं नाही. ती भुकटी म्हणजे ग्रब्ज यांचा दुसऱ्या पिढीचा रुथेनियम उत्प्रेरक. दर शंभर रेणूंमागे त्याचा एक रेणू, एवढंच त्याचं प्रमाण.

या अभिक्रियेला ओलेफिन मेटॅथेसिस म्हणतात, आणि तिच्या साह्यानं वलय बंद करण्याला रिंग-क्लोजिंग मेटॅथेसिस. एम.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पेपरात यावर हमखास प्रश्न असतो. बरेच विद्यार्थी सुरुवातीचा पदार्थ काढतात, बाणावर उत्प्रेरकाचं नाव लिहितात, पुढे वलय काढतात आणि थांबतात. पण खरं उत्तर त्या बाणाच्या आत आहे. दोन दुहेरी बंध तुटून त्यांचे तुकडे नव्या जोड्यांत बसले, हे दिसतंच. प्रश्न हा की धातू हे काम दोन्ही बंध एकाच वेळी हाताशी धरून करतो की एकेक करून? उत्तर आहे: एकेक करून. वलय कधी सहज बंद होतं, कधी अडतं, कुठे बिघडतं, हे सगळं या एका गोष्टीतून उलगडत जातं.

जोडीनं की एकेकानं?

कार्बन-कार्बन दुहेरी बंध मजबूत असतो. दोन साधी अल्कीनं नुसती एकत्र तापवली, तर त्यांची टोकं आपसांत बदलत नाहीत. दोघांनी जवळ येऊन चार कार्बनांचा चौकोन करावा आणि तो दुसऱ्या बाजूनं फुटावा, ही वाट कागदावर सरळ दिसते; पण केवळ उष्णतेच्या जोरावर ती ऑर्बिटलांच्या सममितीमुळे बंद असते. तरीही 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या तेल आणि रबर कंपन्यांना दिसलं की मॉलिब्डेनम किंवा टंगस्टनची संयुगं हजर असली, की प्रोपीनपासून इथिलीन आणि ब्युटीन तयार होतात. धातू ती बंद वाट उघडत असणार, असं तेव्हा अनेकांना वाटलं. दोन अल्कीनं धातूवर शेजारी बसतात, चौकोनासारखी रचना करतात आणि जोडीनंच अदलाबदल करून सुटतात, असं ते चित्र होतं.

फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेत काम करणारे इव्ह शोवँ आणि त्यांचे सहकारी झाँ-लुई एरिसाँ यांनी या चित्राची परीक्षा घेतली. त्यांचा 1971 चा निबंध आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यातली युक्ती शाळेतल्या बेरजेइतकी साधी आहे. त्यांनी सायक्लोपेंटीन हे पाच कार्बनांचं वलय घेतलं आणि 2-पेंटीन ही पाच कार्बनांची साखळी. 2-पेंटीनचा दुहेरी बंध मध्यावर नसतो. तो तुटला की एका बाजूला दोन कार्बनांचा तुकडा येतो आणि दुसऱ्या बाजूला तीन कार्बनांचा. सायक्लोपेंटीनचा बंध तुटला की वलय उघडून पाच कार्बनांची साखळी होते आणि तिच्या दोन्ही टोकांना 2-पेंटीनचे तुकडे बसतात.

अदलाबदल जोडीनं होत असेल, तर एकाच 2-पेंटीनचे दोन तुकडे साखळीच्या दोन टोकांना लागतील. पाच अधिक दोन अधिक तीन, म्हणजे दहा कार्बनांचा पदार्थ. निदान सुरुवातीला तरी दुसरं काही मिळू नये. पण त्यांना नऊ, दहा आणि अकरा कार्बनांचे पदार्थ साधारण 1:2:1 या प्रमाणात मिळाले, आणि तेही अभिक्रियेच्या अगदी सुरुवातीपासून. नऊ म्हणजे दोन्ही टोकांना दोन कार्बनांचे तुकडे, अकरा म्हणजे दोन्हीकडे तीनचे. नाणं दोनदा उडवलं की छाप-छाप, मिश्र आणि काटा-काटा जसे येतात, तसंच हे प्रमाण. म्हणजे दोन टोकांना काय लागणार, हे एकमेकांवर अवलंबून नव्हतं. धातू एका रेणूकडून एक तुकडा घेतो, तो धरून ठेवतो आणि पुढच्या रेणूला देतो, असं मानलं तरच हे जुळतं.

धातूनं धरलेला तो तुकडा म्हणजे धातू-कार्बीन: कार्बन आणि धातू यांच्यातच दुहेरी बंध. शोवँ यांनी मांडलेल्या यंत्रणेत हा धातू-कार्बन बंध अल्कीनच्या दुहेरी बंधाशी जुळतो आणि चार अणूंचा चौकोन होतो, ज्याचा एक कोपरा धातू आणि तीन कोपरे कार्बन असतात. याला मेटॅलासायक्लोब्युटेन म्हणतात. हा चौकोन ज्या बाजूंनी जुळला त्याच बाजूंनी फुटला, तर जैसे थे. आडव्या दिशेनं फुटला, तर नवं अल्कीन सुटतं आणि धातूच्या हातात नवा तुकडा येतो. धातूच्या डी-ऑर्बिटलांमुळे या चौकोनाला सममितीची ती मनाई लागू होत नाही.

एक शंका उरत होती. नऊ आणि अकरा कार्बनांचे पदार्थ जोडीच्या वाटेनंच, पण मागाहून झालेल्या अदलाबदलीतून आले असतील तर? रॉबर्ट ग्रब्ज यांनी 1975 मध्ये यासाठी जो प्रयोग केला, त्यात वलयच बंद करायचं होतं. त्यांनी 1,7-ऑक्टाडाईन घेतलं. ही आठ कार्बनांची साखळी, दोन्ही टोकांना दुहेरी बंध. ती मिटली की सायक्लोहेक्सीन तयार होतं आणि इथिलीन सुटतं. अर्ध्या रेणूंच्या टोकांवर साधा हायड्रोजन ठेवला, अर्ध्यांच्या टोकांवर ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. मग सुटणाऱ्या इथिलीनमध्ये किती ड्युटेरियम आहे ते मोजलं. सायक्लोहेक्सीन स्वतः या खेळात सहज परतत नाही, त्यामुळे मागाहून होणाऱ्या सरमिसळीचा गोंधळ कमी होतो. जोडीची वाट धरून केलेल्या गणितात साधं, निम्मं जड आणि पूर्ण जड इथिलीन यांचं प्रमाण फार तर 1:1.6:1 येत होतं. कार्बीनची वाट धरली तर 1:2:1. प्रयोगाचा कौल कार्बीनच्या बाजूनं पडला. इथिलीनच्या एका रेणूतले दोन कार्बन दोन वेगवेगळ्या साखळ्यांतून येत होते, कारण त्यातला एक धातूनं आधीच्या साखळीकडून आणलेला होता.

फ्लास्कच्या आत, पायरी पायरीनं

आता परत आपल्या फ्लास्ककडे वळू. डायअलिलमॅलोनेटच्या मध्यभागी एक कार्बन आहे. त्याला दोन एस्टर गट आणि तीन-तीन कार्बनांचे दोन हात लागलेले आहेत. प्रत्येक हाताच्या टोकाला दुहेरी बंध. टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर सात कार्बन.

उत्प्रेरकाच्या मध्यभागी रुथेनियम आहे. त्याला दोन क्लोरीन, एक ट्रायसायक्लोहेक्सिलफॉस्फीन, एक एन-हेटेरोसायक्लिक कार्बीन आणि एक बेंझिलिडीन, म्हणजे फिनाइल गट असलेलं कार्बीन, जोडलेलं आहे. इथे विद्यार्थ्यांची गल्लत होते, कारण कार्बीन दोन आहेत. नायट्रोजन असलेलं कार्बीन धातूला इलेक्ट्रॉन पुरवत शेवटपर्यंत जागेवर बसून राहतं, अदलाबदलीत भाग घेत नाही. अदलाबदल होते ती फक्त बेंझिलिडीनच्या जागेवर. उत्तरात पहिल्या प्रकारच्या कार्बीनवर चौकोन काढला, तर तिथेच गुण गेले.

ही भुकटी जशी बाटलीत असते तशी काम करत नाही. रुथेनियमभोवती 16 इलेक्ट्रॉन असतात आणि अल्कीनला बसायला जागा नसते. आधी फॉस्फीन सुटून जावं लागतं. ते गेलं की 14 इलेक्ट्रॉनांचा, एक जागा मोकळी असलेला रेणू उरतो, आणि खरा उत्प्रेरक तोच. मोकळ्या जागेसाठी अल्कीन आणि सुटलेलं फॉस्फीन यांच्यात स्पर्धा असते. ग्रब्ज यांच्या 1995 च्या पहिल्या पिढीत फॉस्फीनं दोन होती. त्यातलं एक लवकर सुटायचं, पण तितक्याच तत्परतेनं परत येऊन बसायचं. 1999 च्या दुसऱ्या पिढीत एका फॉस्फीनच्या जागी नायट्रोजनवालं कार्बीन आलं. आता फॉस्फीन सुटायला वेळ लागतो, पण एकदा सुटलं की धातू फॉस्फीनपेक्षा अल्कीनला कितीतरी जास्त पसंती देतो. म्हणून कामाला लागायला सावकाश असलेली दुसरी पिढी एकूण कामात पहिलीच्या पुढे जाते.

पुढच्या पायऱ्या लिहून पाहिल्या की चित्र स्पष्ट होतं. इथे E म्हणजे एस्टर गट आणि [Ru] म्हणजे रुथेनियम, त्याच्यावर कायम बसलेल्या गटांसह.

```
[Ru]=CHPh + CH2=CH–CH2–C(E)2–CH2–CH=CH2
   → [Ru]=CH–CH2–C(E)2–CH2–CH=CH2 + CH2=CHPh

[Ru]=CH–CH2–C(E)2–CH2–CH=CH2
   → वलय + [Ru]=CH2

[Ru]=CH2 + CH2=CH–CH2–C(E)2–CH2–CH=CH2
   → [Ru]=CH–CH2–C(E)2–CH2–CH=CH2 + CH2=CH2
```

पहिल्या ओळीत साखळीचं एक टोक धातूवर बसतं, चौकोन होतो, आडवा फुटतो आणि बेंझिलिडीन स्टायरीनच्या रूपात निघून जातं. आता साखळीचं एक टोक धातूनं धरलेलं आहे, दुसरं मोकळं आहे. दुसऱ्या ओळीत तेच मोकळं टोक वळून त्याच धातूशी येतं. पुन्हा चौकोन होतो, पण या वेळी तो पाच कार्बनांच्या वलयाला जोडलेला, म्हणजे जोडवलय असतो. तो फुटला की वलय सुटतं आणि धातूच्या हातात फक्त एक CH2 राहतो. तिसऱ्या ओळीत हा CH2 नव्या साखळीच्या टोकाशी जुळून इथिलीन म्हणून बाहेर पडतो आणि धातू नवी साखळी धरतो. यापुढे दुसरी आणि तिसरी ओळ आळीपाळीनं चालू राहतात.

यातल्या पहिल्या ओळीकडे पुष्कळांचं लक्ष जात नाही. स्टायरीन उत्प्रेरकाच्या प्रत्येक रेणूमागे एकदाच सुटतं. नंतर प्रत्येक फेरीला सुटतं ते इथिलीन. म्हणजे फेऱ्या मारणारा उत्प्रेरक बाटलीतला बेंझिलिडीनवाला नसून [Ru]=CH2 आणि साखळी धरलेलं कार्बीन हे दोघे आहेत. उत्तरात फेरी काढताना बेंझिलिडीन दर वेळी परत आणलं, तर ती फेरी चुकलेली असते. तसंच चौकोन उलटा बसला, म्हणजे धातूवरचा CH2 साखळीच्या टोकाच्या CH2 शी न जुळता आतल्या कार्बनशी जुळून बसला, तर फुटल्यावर जुनेच पदार्थ मिळतात. असं फ्लास्कमध्ये वारंवार होतं. त्यात वेळ जातो, पण पदार्थ बिघडत नाही.

अभिक्रिया पुढे सरकते आहे की नाही, हे एनएमआरवर डोळ्यांनी दिसतं. सुरुवातीच्या पदार्थात मधल्या कार्बनशेजारच्या CH2 चे संकेत 2.61 पीपीएमला, शेजारच्या हायड्रोजनांमुळे फुटलेले असे दिसतात. वलयात तेच हायड्रोजन 2.98 ला एका सरळ रेषेच्या रूपात येतात. एक संकेत खाली बसत जातो, दुसरा उभा राहतो, आणि दोघांखालच्या क्षेत्रफळांवरून किती टक्के काम झालं ते कळतं. म्हणूनच नव्या उत्प्रेरकांची तुलना करायला रसायनशास्त्रज्ञ हाच पदार्थ वापरतात.

परतीची वाट उघडी असताना वलय का जिंकतं?

वरच्या प्रत्येक पायरीला परतीची वाट आहे. इथिलीन वलयावर चालून जाऊन त्याला पुन्हा उघडू शकतं. मग शेवटी वलयच का उरतं? त्याची दोन कारणं आहेत. एका रेणूचे दोन होतात, त्यामुळे एन्ट्रॉपी वाढते. आणि त्या दोनपैकी एक वायू आहे. आपल्या फ्लास्कमधून खोलीच्या तापमानाला सुमारे 24 मिलिलिटर इथिलीन निघतं. त्याला जाऊ दिलं की परतायला कोणी उरत नाही. म्हणून फ्लास्क घट्ट बंद ठेवायचा नसतो. द्रावणातून नायट्रोजन किंवा आरगॉन सोडत राहायचं, म्हणजे इथिलीन बाहेर ढकललं जातं.

इथिलीन घालवण्याचं आणखीही एक कारण आहे. साखळीत सर्वांत नाजूक घटक [Ru]=CH2 हाच. सुटलेलं फॉस्फीन त्याच्या CH2 वर हल्ला करतं आणि उत्प्रेरक कायमचा मरतो. द्रावणात इथिलीन जितकं जास्त, तितका वेळ धातू या नाजूक अवस्थेत काढतो.

पाच, सहा आणि सात अणूंची वलयं या पद्धतीनं सहसा सहज होतात. आपल्या पदार्थाला आणखी एक सोय आहे: मधल्या कार्बनवरचे दोन एस्टर गट दोन्ही हातांना एकमेकांकडे रेटतात. आठ ते अकरा अणूंच्या वलयांत मात्र वलयाच्या आतले हायड्रोजन एकमेकांना खेटतात, ताण येतो आणि काम अवघड होतं. त्यापुढच्या मोठ्या वलयांत ताण फारसा नसतो, पण वेगळीच अडचण येते. धातूनं एक टोक धरलेल्या साखळीचं दुसरं टोक आता लांब असतं. गजऱ्याच्या एका दोऱ्याची दोन टोकं बांधायला हात घालावा आणि शेजारी तसेच वीस दोरे पडलेले असले, की आपल्याच दोऱ्याचं टोक सापडण्याआधी शेजारच्याचं हाती येतं. तसंच धातू शेजारच्या साखळीचं टोक पकडतो आणि वलयाऐवजी दोन साखळ्यांचा जोड तयार होतो.

हा बिघाड वस्तुमान-वर्णपटावर ओळखता येतो. आपल्याच उदाहरणाचे आकडे घेतले, तर दोन साखळ्या सरळ जोडल्या गेल्या आणि एक इथिलीन सुटलं की 240 ची दुप्पट वजा 28, म्हणजे 452 चं शिखर दिसेल. त्या जोडाची उरलेली दोन टोकंही मिटली, तर 424 चं मोठं वलय मिळेल. हे 424 म्हणजे बरोबर 212 ची दुप्पट. मूलद्रव्यांच्या टक्केवारीवरून हे दोन पदार्थ वेगळे ओळखताच येणार नाहीत. रेणुभार बघितल्याशिवाय वलय मिळालं असं म्हणू नये, ते यासाठी.

पंधरा अणूंचं वलय, किलोच्या हिशेबात

शेजारच्या टोकापासून वाचायचा सरळ उपाय म्हणजे द्रावण पातळ करणं. आपल्या फ्लास्कमध्ये संहती 0.1 मोलर होती. मोठ्या वलयांसाठी ती 0.01 किंवा त्याहूनही खाली आणतात. प्रयोगशाळेत अर्धा लिटर द्रावक जास्त लागलं तर काही अडत नाही. कारखान्यात अडतं. बोहरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीचं हिपॅटायटिस सी वरचं औषध, सिलुप्रेव्हिर, हे याचं सर्वांत शिकवणारं उदाहरण.

सिलुप्रेव्हिर विषाणूच्या प्रोटीएझ या विकराच्या खाचेत बसतं, आणि तिथे नीट बसावं म्हणून त्याच्या रेणूत पंधरा अणूंचं वलय आहे. ते वलय रिंग-क्लोजिंग मेटॅथेसिसनं बंद करायचं ठरलं. सुरुवातीच्या पद्धतीत संहती 0.01 मोलर होती आणि उत्प्रेरक शंभरामागे तीन ते पाच. एक मोल पदार्थासाठी शंभर लिटर द्रावक! तरीही त्या पद्धतीनं मोठ्या भट्ट्यांमध्ये शेकडो किलोंचं उत्पादन काढण्यात आलं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर अशा वलयाची ही पहिलीच वेळ होती. पण द्रावकाचे हजारो लिटर, ते उडवायला लागणारी ऊर्जा आणि महागडा रुथेनियम यांचं ओझं कायमचं वाहणं शक्य नव्हतं.

कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मग द्रावकाऐवजी साखळीत बदल केला. साखळीतल्या एका अमाइडच्या नायट्रोजनवर त्यांनी बॉक हा संरक्षक गट चढवला. तो नंतर काढून टाकता येतो, आणि दिसायला बदल किरकोळ आहे. पण त्यानं दोन गोष्टी झाल्या. रुथेनियम साखळीच्या कोणत्या टोकाला आधी धरतो ते बदललं. आधी तो ज्या टोकाला धरायचा, तिथून काम पुढे सरकणं जड जायचं. आता तो दुसऱ्या, सोयीच्या टोकापासून सुरुवात करायला लागला. आणि वलय बंद होण्याला साखळीची ठेवण जास्त अनुकूल झाली. संहती 0.2 मोलरपर्यंत वाढवता आली, म्हणजे तेवढ्याच पदार्थाला वीसपट कमी द्रावक. उत्प्रेरक शंभरामागे 0.1 एवढा पुरला.

धातू एका वेळी एकच टोक धरतो, हे माहीत नसतं तर हा बदल सुचलाच नसता. दोन्ही टोकं एकदम धरली जात असती, तर आधी कोणतं टोक, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

सिलुप्रेव्हिर मात्र बाजारात आलं नाही. प्राण्यांवरच्या चाचण्यांत हृदयावर वाईट परिणाम दिसल्यामुळे काम थांबवलं गेलं. पण मोठं वलय मेटॅथेसिसनं किलोच्या प्रमाणात बंद करता येतं, हे सिद्ध झालं होतं. पुढे हिपॅटायटिस सी साठी मान्यता मिळालेलं सिमेप्रेव्हिर याच पद्धतीनं वलय बंद करून तयार केलं गेलं.

कुठे बिघडतं

एक बिघाड दबक्या पावलांनी येतो. उत्प्रेरक मरतो तेव्हा कधीकधी त्याचं रुथेनियम-हायड्राइडमध्ये रूपांतर होतं. हे संयुग वलय करत नाही. ते साखळीतला दुहेरी बंध टोकावरून एक घर आत सरकवतं. मग वलय बंद होताना इथिलीनऐवजी प्रोपीन सुटतं आणि पंधराऐवजी चौदा अणूंचं वलय मिळतं. वस्तुमान-वर्णपटावर मुख्य शिखराच्या 14 एकक खाली एक छोटं शिखर दिसलं, की शंका इथेच घ्यायची. अशी अशुद्धी पदार्थाशी इतकी मिळतीजुळती असते की क्रोमॅटोग्राफीनं ती वेगळी करताना नाकीनऊ येतात. 2005 मध्ये ग्रब्ज यांच्या गटानं दाखवलं की थोडं 1,4-बेंझोक्विनोन घातलं, की हे सरकणं बऱ्याच अंशी थांबतं. तापमान आणि वेळ गरजेपेक्षा वाढवले नाहीत, तर फायदा होतोच.

दुसरी अडचण अमाइनची. मोकळ्या अमाइनचा नायट्रोजन रुथेनियमच्या मोकळ्या जागेवर जाऊन बसतो आणि अल्कीनला बसू देत नाही. म्हणून अमाइन आधी कार्बामेट किंवा सल्फोनामाइड करून झाकतात, किंवा आम्ल घालून त्याचा क्षार करतात. अल्कोहोल, एस्टर, कीटोन यांची रुथेनियमला सहसा अडचण होत नाही, आणि तो लोकप्रिय होण्याचं कारण हेच. रिचर्ड श्रॉक यांचे मॉलिब्डेनमचे उत्प्रेरक कित्येकदा जास्त जोमदार असतात, गर्दीच्या अल्कीनांवरही काम करतात; पण त्यांना हवा, ओलावा आणि अल्डिहाइड सोसत नाहीत, त्यामुळे हातमोजे लावलेल्या बंद पेटीत काम करावं लागतं. या सगळ्या कामासाठी शोवँ, ग्रब्ज आणि श्रॉक यांना 2005 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

तिसरी गोष्ट मोठ्या वलयांची. नव्या दुहेरी बंधाची रचना ई की झेड, यावर साध्या उत्प्रेरकाचा ताबा फारसा नसतो. पाच-सहा अणूंच्या वलयात झेडशिवाय पर्याय नाही, पण पंधरा अणूंच्या वलयात दोन्ही मावतात आणि मिश्रण मिळण्याचा धोका असतो. पुढच्या पायरीत हायड्रोजन घालून दुहेरी बंध नाहीसाच करायचा असेल, तर मिश्रणानं बिघडत नाही. बंध तसाच ठेवायचा असेल, तर उत्तरात हे लिहायलाच हवं.

उत्तर लिहिताना

परीक्षेत एखादं डाईन देऊन वलय काढायला सांगितलं, तर आधी मोजावं. एका टोकाच्या CH2 पासून दुसऱ्या टोकाच्या CH2 पर्यंत साखळीतले सगळे अणू मोजायचे, ऑक्सिजन-नायट्रोजनसुद्धा, आणि त्यातून दोन वजा करायचे. 1,7-ऑक्टाडाईनमध्ये आठ, म्हणून सहाचं वलय. डायअलिल ईथरमध्ये सहा कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून सात, म्हणून पाच अणूंचं वलय, 2,5-डायहायड्रोफ्युरान. वजा झालेले दोन कार्बन इथिलीन म्हणून समोर लिहिलेच पाहिजेत. नव्या दुहेरी बंधाचे दोन्ही कार्बन जुन्या बंधांचे आतले कार्बन असतात, त्यामुळे त्याची जागा ठरलेली असते.

मग यंत्रणा: फॉस्फीन सुटणं, पहिला चौकोन, एकदाच सुटणारं स्टायरीन, त्याच धातूवर वळून आलेलं दुसरं टोक, वलयाला जोडलेला दुसरा चौकोन, सुटलेलं वलय आणि [Ru]=CH2, आणि त्यापासून इथिलीन देत पुन्हा सुरू होणारी फेरी. त्याखाली तीन ओळींत कारण: प्रत्येक पायरी उलटणारी आहे, इथिलीन निघून जातं म्हणून तोल वलयाकडे झुकतो, आणि वलय मोठं असेल तर द्रावण पातळ ठेवावं लागतं. परीक्षकानं पुढे विचारलंच की हे एकेक करून होतं कशावरून, तर शोवँ यांचे नऊ, दहा आणि अकरा कार्बनांचे पदार्थ मांडावेत आणि त्यांचं 1:2:1 हे प्रमाण दाखवावं. जोडीनं अदलाबदल झाली असती तर सुरुवातीला दहा कार्बनांचा एकच पदार्थ मिळाला असता. एवढी बेरीज करून दाखवली, की यंत्रणा केवळ पाठ केलेली न राहता सिद्ध केलेली होते.